तीर्थस्वरूप दादांस, 90 लाखांच्या निमित्ताने

तीर्थस्वरूप दादांस,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

एरवी मी आपल्याला अरे-तुरेच करते. पण ज्यांच्या खात्यात एका दिवसात 90 लाख जमा होतात त्यांना एकेरीत हाक मारण्याचा उद्धटपणा माझ्याच्याने होणार नाही. त्यामुळे हे पत्र आपल्या योग्यतेला शोभेल अशा भाषेत लिहिते आहे. कमी-जास्त झाल्यास लहान बहीण म्हणून पोटात घालावं. तेवढं आपलं पोट मोठं आहे, हे गेल्या काही वर्षांत सिद्ध झालंच आहे.

सर्वप्रथम आपले आभार. साठवण तलावात आपल्या वडिलोपार्जित गटातली 60 आर जमीन गेली, हे आपण आम्हा बहिणींना कळवलं नाहीत. संयुक्त मोजणी झाली, वर्तमानपत्रात अधिसूचना आली, हितसंबंधितांना नोटिसा निघाल्या, 2021 साली निवाडा झाला, पैसे जमा झाले, आणि एवढ्या सगळ्या धकाधकीत आपण आम्हाला एका शब्दाचाही ताण दिला नाहीत. मला कळलं ते शेजारच्या गटवाल्यांच्या सुनेकडून, एका हळदीकुंकवात. तिला वाटलं मला माहीत असेल. बिचारी ओशाळली. आपण कधी ओशाळता का, असं विचारणं अप्रस्तुत होईल.

त्यानंतर मी प्रांत कचेरीतून निवाड्याची नक्कल काढली. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलेल्या बाईला निवाडा वाचायला काय मजा येते, ते आपल्याला कसं सांगू! आसपासच्या खरेदीखतांवरून काढलेला आपल्या 60 आरांचा बाजारभाव साडेबावीस लाख. ग्रामीण भाग म्हणून गुणक 2, म्हणजे 45 लाख. 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे त्यावर तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे आणखी 45. एकूण 90. बाजारभावावरचे वर्षाला 12 टक्के आणि झाडं-विहिरीचे पैसे वेगळे. ते मी सध्या बाजूला ठेवते, कारण मला आपल्यासारखी घाई नाही.

दिलासा रक्कम हे नाव मला फार आवडलं. मनाविरुद्ध जमीन जाते, त्या दुःखाबद्दल सरकार बाजारभावाच्या वर आणखी पैसे देतं. आम्हा चौघा भावंडांची, आईची जमीन गेली आणि दुःख एकट्या आपल्याला झालं, तेही शंभर टक्के. आपण आमच्या वाटणीचं दुःख उचललंत याबद्दल मी कोणत्या शब्दांत ऋण व्यक्त करू?

आता आपल्या दूरदृष्टीबद्दल. अप्पा 2011 ला गेले. तेराव्याचं जेवण उरकेपर्यंतही आपण थांबला नाहीत आणि तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज दिलात. केवढी ही जबाबदारीची जाणीव! फेरफार मंजूर होऊन सातबारा आला तेव्हा कब्जेदार सदरी आपलं नाव आणि पुढे तीन छोटी अक्षरं, ए.कु.मॅ. आईचं आणि आम्हा बहिणींचं नाव इतर हक्कात. धाकट्याचं तेही नाही, तो मुंबईला होता म्हणे. मी तेव्हा विचारलं, तर आपण म्हणालात, "अगं, इतर हक्क म्हणजे हक्कच की. नाव तर आहे ना?" किती बरोबर बोललात. नाव होतं. पण पैसे वाटताना भूसंपादनाच्या कारकुनाची नजर कब्जेदाराच्या रकान्यावर गेली आणि तिथेच तिचा मुक्काम पडला.

पण दादा, त्या ए.कु.मॅ. बद्दल मी आपली कायमची ऋणी आहे. एकत्र कुटुंब मॅनेजर! आपल्याला वाटलं ती पदवी आहे. ती कबुली आहे. मॅनेजर म्हणून नाव लावणारा माणूस आपल्याच हाताने सरकारी कागदावर लिहून देतो की ही जमीन एकट्याची नाही, मागे कुटुंब आहे आणि मी त्यांच्या वतीने कारभार पाहतो. बँकेच्या मॅनेजरने तिजोरी घरी नेली तर त्याला बढती देत नाहीत. आणि सातबारा तरी कुठे मालकी ठरवतो? शेतसारा कोणाकडून घ्यायचा, कसतो कोण, यासाठी सरकारने ठेवलेली ती वही. सर्वोच्च न्यायालयाने हे इतक्यांदा सांगितलंय की आता त्यांनाही कंटाळा आला असेल.

आपला पुढचा पराक्रम निवाड्याच्या आधीचा आहे. कायद्याच्या 21 व्या कलमाची नोटीस आली, की ज्याचा ज्याचा त्या जमिनीत हितसंबंध आहे त्याने येऊन आपला हक्क मांडायचा असतो. 22 व्या कलमाप्रमाणे अधिकारी आपल्याला असंही विचारू शकतात की या जमिनीत आणखी कोण कोण सहहिस्सेदार आहेत, त्यांची नावं लिहून द्या. आपण लिहून दिलंत. मी वाचलं. आपल्या मोत्यासारख्या अक्षरात, "अन्य कोणीही हिस्सेदार नाही." एका ओळीत आपण आई, दोन बहिणी आणि एक भाऊ नाहीसे केलेत. जादूगार लोक यासाठी पडदा तरी लावतात. याच कायद्यात, खोटी माहिती दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असंही एक कलम आहे. आपल्यासारख्या सुसंस्कृत माणसाला ते सांगण्याची गरज नाही, म्हणून नुसतं सहज लिहून ठेवलं.

फाइलमध्ये आईचं संमतीपत्रही मिळालं. "मला माझा हिस्सा नको, सर्व मोबदला थोरल्या मुलास द्यावा." खाली अंगठा. दादा, आई साक्षरता वर्गात सही करायला शिकली तेव्हा आपण नोकरीनिमित्त बाहेर होतात, त्यामुळे आपल्या लक्षात आलं नसेल. पण अप्पांची पेन्शन सुरू झाल्यापासून बँकेतल्या प्रत्येक चिठ्ठीवर ती सही करते. पाचही अक्षरं वळणदार, वर रेघ. बँकेकडे नमुना आहे. अशा बाईला एकदम अंगठा का उठवावासा वाटला, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, "पीकविम्याचा कागद आहे म्हणाला. शाई लावून हात धरला त्याने." आपण स्वतः हात धरलात, हे ऐकून मला भरून आलं. म्हातारपणी आईचा हात कोण धरतं हल्ली?

शिवाय ते संमतीपत्र शंभराच्या मुद्रांकावर, नुसतं नोटरी केलेलं. तेव्हा दोनशे लागायचे, तर शंभर वाचवलेत. काटकसर! पण जमिनीतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकासमोर नोंदवावं लागतं. नोटरीच्या शिक्क्याने हक्क सुटत नाही. माझ्याकडे आपण असाच एक कागद घेऊन आला होतात, आठवतं? त्या दिवशी मी चष्मा लावून पूर्ण वाचला आणि सही केली नाही. आपण चहा अर्धा टाकून गेलात. तो कप अजून आपली वाट पाहतो आहे असं मात्र म्हणणार नाही, धुऊन ठेवला.

आता थोडं गणित, कारण माझी खोड जात नाही. आपण धाकट्याला 25 लाख दिलेत आणि आम्हा बहिणींना भाऊबीजेला प्रत्येकी साडी आणि 51 हजार. ताई 2018 लाच गेली, म्हणून तिची साडी तिच्या मुलीला. मृत बहिणीचीही ओवाळणी चुकवली नाही, याला म्हणतात भाऊ! उरलेले आपल्याकडे. आता कायद्याने काय व्हायला हवं होतं ते पाहू. अगदी पाचवीच्या वर्गाला समजेल असं सांगते.

2005 पासून मुलगी ही मुलासारखीच जन्मतः सहदायाद आहे. जमीन वडिलोपार्जित, म्हणजे अप्पा, आपण दोघे भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी, असे पाच जण. अप्पा गेले त्या क्षणाआधी घरात वाटणी झाली अशी कल्पना करायची, कायदा तसं करायला सांगतो. नवरा आणि मुलं वाटून घेतात तेव्हा आईलाही मुलाइतकाच वाटा मिळतो. म्हणजे सहा वाटे. प्रत्येकाला एक षष्ठांश. मग अप्पांचा षष्ठांश त्यांच्या वारसांना, म्हणजे आई आणि चार मुलं अशा पाच जणांना, समसमान. षष्ठांशाचा पाचवा भाग म्हणजे एक तिसांश. माझा आधीचा षष्ठांश म्हणजे पाच तिसांश, त्यात एक मिळवला की सहा तिसांश. संक्षिप्त रूप द्या. एक पंचमांश.

एवढा खटाटोप करून प्रत्येकाला बरोब्बर पाचवा हिस्सा! गणित इतकं सुंदर जुळतं की वर्गात मी टाळ्या वाजवायला लावल्या असत्या. नव्वदाचा पाचवा हिस्सा 18 लाख. आईचे 18, आपले 18, धाकट्याचे 18, माझे 18. ताईचे 18 तिच्या नवऱ्याला, मुलाला आणि मुलीला, प्रत्येकी सहा. ताईने आपल्यामागे मुलं ठेवली, त्यामुळे तिचा वाटा माहेरी परत येत नाही. मुलगी मेली म्हणजे हिस्सा मेला, हे आपण भाऊजींना ज्या शांतपणे समजावलंत, त्या शांतपणाचा मी आदर करते. समजावलेलं मात्र चूक होतं.

आपण म्हणालात की आपल्याला दोन मुलगे आहेत, त्यांचाही जन्मतः हक्क आहे, म्हणून आपले तीन वाटे. मुलांचा हक्क आहेच, दादा! तो आपल्या 18 लाखांत आहे. वाटणी शाखेप्रमाणे होते. ज्याच्या घरी नातवंडं जास्त त्याचा हिस्सा मोठा असं असतं, तर आमच्या गावात जमीन पाळण्यांत मोजली गेली असती.

आणि धाकट्याला 25? त्याच्या वाट्यापेक्षा सात जास्त. शांततेची किंमत आपण चोख दिलीत, पण दिलीत आमच्या खिशातून. त्यालाही या पत्राची प्रत पाठवते आहे, म्हणजे त्याला वाईट वाटायला नको की आपलं नाव आलं नाही.

आपली सर्वात आवडती सबब म्हणजे ती 1998 ची तोंडी वाटणी. अप्पांनी म्हणे पारावर बसून सांगितलं होतं की जमीन मुलांची, मुलींना लग्नात दिलं तेच त्यांचं. हे ऐकणारे साक्षीदार आपण सांगितलेत, त्यातले बहुतेक आता साक्षीला येण्याच्या पलीकडे गेलेत. मोठी माणसं होती, त्यांना त्रास नको. पण मग 2011 पर्यंत सातबारा एकट्या अप्पांच्या नावावर कसा? सोसायटीचं कर्ज त्यांच्याच नावावर, बोजाही त्यांच्याच नावावर कसा? कायद्याने वाचवली आहे ती 20 डिसेंबर 2004 पूर्वीची वाटणी, नोंदणीकृत किंवा कोर्टाच्या हुकुमाची. 2020 च्या विनीता शर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की तोंडी वाटणीची ढाल सहज चालणार नाही. अपवादानेच, आणि तीही सरकारी कागदांनी शाबित झाली तर. आणि त्याच निकालाने हेही सांगितलं की वडील 2005 ला हयात असण्याचीही अट नाही. अप्पा तर पुढे सहा वर्षं होते. आपल्या दुर्दैवाने.

न्यायाची गोष्ट म्हणून आपल्या बाजूचंही बोलते. विहिरीपासूनची पाइपलाइन आणि डाळिंबाची बाग आपण स्वतःच्या पगारातून केलीत, पावत्या मी पाहिल्या आहेत. त्याचे पैसे निवाड्यात वेगळे दाखवलेत. ते घ्या, मी मागणार नाही. विहीर अप्पांनी खणली, ती सगळ्यांची. आणि आपल्या धाकट्या मुलाने प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यावर भरतीचा अर्ज केलाय, त्यालाही माझी ना नाही. पोरगं अभ्यासू आहे. त्याला नोकरी लागली तर निदान घरात एक जण स्वतःचं कमावलेलं खाईल.

"पैसे सरकारने मला दिले, आता तुम्ही काय ते सरकारला विचारा," असं आपण म्हणालात. विचारलं. वाटपाबद्दल वाद असेल तर पैसे कोणालाही न देता प्राधिकरणाकडे जमा करायचे, असं 77 वं कलम सांगतं. वाद आहे हेच आपण कचेरीला कळू दिलं नाहीत, त्यामुळे तो प्रसंग टळला. वेळेत हरकतीचा एक साधा अर्ज गेला असता, तर 90 लाखांनी आपल्या खात्याचं तोंडही पाहिलं नसतं. आमच्या वतीने ते आपण टाळलंत. पण त्याच कलमात एक ओळ अशी आहे की ज्याने मोबदला घेतला, त्याच्यावरची, खऱ्या हक्कदाराला ती रक्कम देण्याची जबाबदारी संपत नाही. म्हणजे पैसे आपल्या खात्यात आले एवढ्याने ते आपले झाले नाहीत. ते आपल्याकडे आले आहेत, एवढंच.

याशिवाय आपण पैसे उचलताना हमीपत्र दिलं आहे. त्याची नक्कल मी देवघराजवळ ठेवली आहे. "भविष्यात कोणी अन्य वारस पुढे आल्यास त्यांचा हिस्सा व्याजासह परत करण्याची जबाबदारी माझी राहील." खाली सही, अंगठा नव्हे. दादा, हे आपण लिहून दिल्याबद्दल मी ओवाळू का आपल्याला? इतका सरळ आणि स्पष्ट कबुलीजबाब मला कोणत्याच वकिलाने तयार करून दिला नसता. आता अन्य वारस पुढे आले आहेत. एक नाही, पाच: आई, मी, भाऊजी आणि ताईची दोन मुलं.

आपण बांधलेल्या बंगल्याबद्दलही अभिनंदन. दारावर "मातृकृपा" ही संगमरवरी पाटी पाहून डोळे पाणावले. नाव अगदी सार्थ आहे, आईच्याच पैशातून झालाय. फक्त तिची खोली मागच्या बाजूला, मोटारीच्या पंपाशेजारी का, ते विचारायचं होतं. रात्री पंप सुरू झाला की तिला झोप लागत नाही, म्हणून गेल्या महिन्यापासून ती माझ्याकडे आहे. आपल्या लक्षात आलं असेलच.

आता शेवटचं, आणि जरा कामाचं. मोबदला कमी मिळाला म्हणून आपण 64 व्या कलमाखाली वाढीव मोबदल्याचा अर्ज केला आहे, हे कळलं. फार छान केलंत. साडेबावीस लाख बाजारभाव कमीच आहे, शेजारच्या गटातल्या दोन खरेदीखतांचे भाव त्यापेक्षा बरेच वरचे आहेत. मी त्यांच्या नकला काढल्या आहेत, आपल्या वकिलांना हव्या असतील तर देईन. त्या अर्जातही आपण एकटेच मालक आहात असं लिहिलंत. त्यामुळे आई, मी आणि ताईचे वारस यांनी प्राधिकरणाकडे आम्हालाही पक्षकार करून घ्यावं असा अर्ज दिला आहे. ते पैसे अजून कोणाच्याच खात्यात आलेले नाहीत, म्हणून ते यायच्या आधीच वाटा ठरलेला बरा. आधी आलेल्या 90 लाखांचा हिशोब आणि तलावाबाहेर उरलेल्या जमिनीची वाटणी यांसाठी दिवाणी न्यायालयात वेगळा दावा लावला आहे. त्यात आपल्या मुदत ठेवी मोडू नयेत आणि बंगला विकू नये असा तात्पुरत्या मनाईचा अर्जही आहे. आपल्याला ठेवी मोडण्याचा मोह होऊ नये, याची काळजी बहिणीने नाही घ्यायची तर कोणी?

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. समन्स घेऊन बेलीफ आला तर त्याला पाणी द्या, उन्हातून येईल.

आपली आज्ञाधारक,
इतर हक्कातली बहीण

ता. क. 51 हजारांचं पाकीट देताना आपण म्हणाला होतात की टॅक्स-बिक्स जाऊन हातात फार काही उरलं नाही. या कायद्याखालच्या निवाड्याच्या रकमेवर आयकर लागत नाही, 96 वं कलम पाहावं. तरीही आपण तो भरला असेल, तर पावती हिशोबाला जोडावी, ती वाटणीत धरू. "बिक्स"ची पावती असल्यास तीही.